लघुपटाचं संगीत आणि फेस्टिव्हल: हक्कांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपटांच्या निर्मितीत कागदपत्रांची बाजू मी सांभाळते. दर वर्षी फेस्टिव्हलच्या तारखा जवळ आल्या की फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एकदाच इथे लिहून ठेवते आहे. उदाहरणासाठी मी काम केलेली एकच फिल्म शेवटपर्यंत वापरली आहे. पुण्यातला निवृत्त ऑर्गनवादक, संगीत नाटकांच्या जमान्यातला, अशी ती 18 मिनिटांची गोष्ट. तिच्यात पाच प्रकारचं संगीत होतं: नायक ऐकतो ते नाट्यपद, चहाच्या टपरीवर रेडिओवर वाजणारं जुनं हिंदी गाणं, विसर्जन मिरवणुकीतले ढोल, संगीतकाराकडून करून घेतलेलं पार्श्वसंगीत आणि शेवटच्या श्रेयनामावलीखाली साइटवरून घेतलेला एक तयार ट्रॅक. पाचांची पाच वेगळी प्रकरणं झाली.

## मी गाण्याचे पैसे भरले आहेत. अ‍ॅपचं सदस्यत्व आहे, सीडीसुद्धा आहे. मग फिल्ममध्ये का वापरू नये?

ते पैसे ऐकण्याचे. गाणं चित्राला जोडण्याचा हक्क वेगळा विकला जातो, आणि तो कुठल्याही ऐकण्याच्या अ‍ॅपवर मिळत नाही.

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन गोष्टी असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ज्याने पैसे लावून ते स्टुडिओत मुद्रित करून घेतलं त्याचं रेकॉर्डिंग. तुम्हाला फिल्ममध्ये तयार गाणं हवं असेल तर तिन्हींची परवानगी लागते. शब्द-चाल चित्राला जोडायच्या परवान्याला धंद्यात 'सिंक' म्हणतात, आणि ते ठरावीक रेकॉर्डिंग वापरायच्या परवान्याला 'मास्टर'. आपल्याकडच्या जुन्या चित्रपटगीतांच्या बाबतीत हे दोन्ही बऱ्याचदा एकाच म्युझिक लेबलकडे असतात, त्यामुळे एका दारात काम होतं. परदेशी गाणं असेल तर प्रकाशक वेगळा, लेबल वेगळं, आणि कधी एका गाण्याचे चार प्रकाशक.

कुठल्या दारात जायचं हे कळण्यासाठी अल्बमवर किंवा अ‍ॅपमध्ये गाण्याच्या माहितीत तळाशी ℗ या चिन्हापुढचं नाव बघा. तो रेकॉर्डिंगचा मालक. यूट्यूबवर ज्याने गाणं चढवलंय तो मालक असेलच असं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण एका दिग्दर्शकाने अशाच एका चॅनेलवाल्याकडून 'परवानगी' घेऊन मला अभिमानाने स्क्रीनशॉट पाठवला होता.

## टपरीवरच्या रेडिओवर गाणं मागे वाजतंय, नीट ऐकूही येत नाही. त्यालाही परवानगी लागते?

लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये फिल्ममध्ये ओघाने येणाऱ्या गोष्टींना सूट आहे, पण ती चित्र, शिल्प अशा कलाकृतींना. भिंतीवरचं कॅलेंडर मागे दिसलं तर त्या सुटीचा आधार घेता येतो. संगीताचं नाव त्या कलमात नाही.

आमच्या फिल्ममध्ये हेच झालं. दिग्दर्शकाने टपरीचा प्रसंग खऱ्या टपरीवर, खरा रेडिओ चालू ठेवून घेतला होता. दृश्यात 40 सेकंद एक प्रसिद्ध हिंदी गाणं आणि त्यावरच दोघांचं बोलणं. आम्ही लेबलला रीतसर लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं आणि नुसत्या फेस्टिव्हलपुरत्या, एका वर्षाच्या परवान्याचा भाव आमच्या संगीताच्या अख्ख्या बजेटच्या वर होता. लेबलचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांचा माल, त्यांचा भाव. पण संवादाखालून गाणं काढता येत नव्हतं, कारण दोन्ही एकाच माइकमध्ये आले होते. शेवटी दोन्ही नटांना स्टुडिओत बोलावून तो प्रसंग डब केला, टपरीचा आवाज नव्याने रचला आणि रेडिओसाठी आमच्याच संगीतकाराने जुन्या धाटणीची 40 सेकंदांची धून केली.

म्हणून नियम एकच: प्रसंगात रेडिओ, टीव्ही किंवा रिंगटोन असेल तर चित्रीकरणाच्या वेळी तो बंद. नट ऐकल्याचा अभिनय करतील, आवाज नंतर घालता येतो.

## दहा सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं ना?

नाही. सात, दहा, तीस, असा कुठलाही सेकंदांचा आकडा कायद्यात नाही. समीक्षा किंवा वार्तांकनासाठी न्याय्य वापराची तरतूद आहे, कथापटातल्या भावुक प्रसंगाखाली वाजवण्यासाठी नाही.

## मूळ रेकॉर्डिंग नको, आमच्या मैत्रिणीकडून गाणं नव्याने गाऊन घेतलं तर?

मग मास्टरचा प्रश्न सुटतो, सिंकचा उरतो. शब्द आणि चाल अजून दुसऱ्याचीच आहेत. नायिका स्वयंपाक करताना दोन ओळी गुणगुणते, तेव्हाही हेच लागू. कायद्यात कव्हर व्हर्जनची सोय आहे, पण ती केवळ ध्वनिमुद्रण म्हणून काढायच्या आवृत्तीसाठी, फिल्मला जोडण्यासाठी नाही.

## जुनं गाणं, अभंग, नाट्यपद हे तर सगळ्यांचंच ना?

इथे तीन थर वेगवेगळे मोजावे लागतात, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर 60 वर्षं. आता तुकारामांचा अभंग घ्या. शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, कोणाच्याही मालकीचे नाहीत. पण तुमच्या कानात त्या अभंगाची जी चाल आहे ती श्रीनिवास खळ्यांची असेल, तर खळे 2011 साली गेले, म्हणजे ती चाल 2071 संपेपर्यंत हक्कांच्या कुंपणात आहे. वारीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी पारंपरिक चाल वेगळी आणि ही वेगळी. 'अभंग आहे, चालतंय' म्हणून रेकॉर्डवरची चाल घेणारे दरवर्षी भेटतात.

उलट आमच्या ऑर्गनवाल्याचं नाट्यपद. दिग्दर्शकाला 1916 सालच्या 'संगीत स्वयंवर'मधलं पद हवं होतं. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, ते 1948 साली वारले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते 1922 साली. 60 वर्षं मोजली तर दोन्ही भारतात मोकळ्या. युरोपात बहुतेक ठिकाणी 70 वर्षं धरतात, तरीही मोकळ्या. इथवर छान चाललं होतं. पण दिग्दर्शकाला जुन्या तबकडीचा खरखरीत आवाजच हवा होता. समजा ती तबकडी 1935 साली निघाली. भारतात तिची मुदत केव्हाच संपली. अमेरिकेत मात्र 2018 च्या कायद्याने 1923 ते 1946 या काळातल्या रेकॉर्डिंग्जना प्रसिद्धीपासून 100 वर्षं संरक्षण दिलं आहे, म्हणजे 2035 अखेरपर्यंत. फिल्म न्यू यॉर्कला पाठवायची तर तीच तबकडी तिथे मोकळी नाही.

आम्ही पद एका गायकाकडून आणि खऱ्या पायपेटीवर नव्याने मुद्रित केलं, गायकाकडून आणि वादकाकडून लेखी संमती घेतली, आणि खरखर मिक्सिंगमध्ये घातली. प्रेक्षकांत बसलेल्या एका जुन्या रसिकाने नंतर विचारलं, ही तबकडी तुम्हाला मिळाली कुठे? मी काही बोलले नाही.

थरांचा घोळ उलट बाजूनेही होतो. नीना पेली या अमेरिकी कलावतीने सीतेच्या कथेवर केलेला अ‍ॅनिमेशनपट 2008 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात तिने 1920 च्या दशकातल्या एका गायिकेच्या जुन्या रेकॉर्डिंग्ज वापरल्या होत्या. अडचण आली ती शब्द आणि चालींची, त्यांचे हक्क जिवंत होते. घासाघीस होऊन शेवटी 50,000 डॉलरवर तडजोड झाली, आणि तोवर फिल्म पूर्ण होऊन महोत्सवात दाखवूनही झाली होती.

## विसर्जन मिरवणूक आम्ही स्वतः रेकॉर्ड केली. ती तर आमचीच?

रेकॉर्डिंग तुमचं. त्यात काय वाजतंय ते बघा. ढोल-ताशाचे पारंपरिक ठेके कोणाच्या मालकीचे नाहीत, पण वादकांना सादरकर्ते म्हणून स्वतःचे हक्क आहेत. पथकप्रमुखाकडून एका पानाची संमती घ्या: हे वादन अमुक फिल्ममध्ये वापरायला आमची हरकत नाही, जगभर, सर्व माध्यमांत. वादकांनी लेखी संमती एकदा दिली की पुढे ते त्या फिल्मच्या बाबतीत हरकत घेऊ शकत नाहीत. आम्ही ती ढोल पथकाच्या सरावाच्या मैदानावर, मिरवणुकीच्या चार दिवस आधी घेतली. मिरवणुकीत कोण सही करणार?

मागून डीजेची गाडी येत असेल आणि तिच्यावर चित्रपटगीत वाजत असेल, तर ते पुन्हा टपरीच्या रेडिओचं प्रकरण. आमच्या तीन टेकपैकी दोन टेक त्या गाडीने खाल्ले.

## 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट का?

नाही. एकदा पैसे भरा किंवा सदस्यत्व घ्या, मग प्रत्येक वापरामागे त्या साइटला वेगळे पैसे देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. हक्क त्यांच्याचकडे राहतात, तुम्हाला मिळतो तो बिनएकाधिकाराचा परवाना. म्हणजे तीच धून तुमच्या आधी दंतमंजनाच्या जाहिरातीत वाजलेली असू शकते, आणि परीक्षकाने ती ऐकलेलीही असू शकते.

घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, तुमच्या प्लॅनमध्ये फेस्टिव्हल येतं का. स्वस्त प्लॅन बहुधा समाजमाध्यमांपुरता किंवा वैयक्तिक वापरापुरता असतो, आणि फेस्टिव्हल, सिनेमागृह, प्रसारण हे वरच्या प्लॅनमध्ये असतात. परवान्याच्या मजकुरात शोधा: तिथे 'फेस्टिव्हल' हा शब्द नसेल तर साइटला ईमेल करून लेखी उत्तर मागा. दुसरी, सदस्यत्व संपल्यावर काय. अनेक साइट्सवर सदस्यत्व चालू असताना 'प्रसिद्ध' झालेलं काम कायम सुरक्षित राहतं. पण फेस्टिव्हलची फिल्म पूर्ण होते मार्चमध्ये, सदस्यत्व संपतं जूनमध्ये, आणि ती पहिल्यांदा लोकांसमोर येते नोव्हेंबरात. मग ती प्रसिद्ध कधी झाली? हा प्रश्न साइटला आधी विचारा, आणि ट्रॅक उतरवला त्याच दिवशी परवान्याची पीडीएफ, तारखेसह, जपून ठेवा. नंतर अटी बदलल्या तर तुमच्याकडे तुमच्या दिवसाच्या अटी असायला हव्यात.

## क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत?

चालतं, पण अक्षरं वाचून. CC BY असेल तर श्रेय द्या आणि वापरा. CC BY-ND असेल तर फिल्ममध्ये वापरताच येत नाही. या परवान्यांच्या मजकुरातच म्हटलंय की संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून जोडलं की ते रूपांतर ठरतं, आणि ND रूपांतराला मनाई करतं. CC BY-SA असेल तर त्याच कारणाने तुमची फिल्म त्याच परवान्याखाली खुली करावी लागते, जे तुम्हाला बहुधा नको असतं. CC BY-NC मध्ये व्यापारी वापर नाही. रोख पारितोषिक असलेला, तिकीट लावणारा महोत्सव व्यापारी की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी तो ट्रॅक सोडून देते.

## संगीतकाराला पैसे दिले म्हणजे संगीत निर्मात्याचं झालं ना?

पूर्वी बऱ्याच अंशी तसं मानलं जायचं. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, फिल्मसाठी करून घेतलेल्या संगीताच्या बाबतीतही संगीतकाराचे हक्क नुसत्या पैसे देण्याने तुमच्याकडे येत नाहीत. कागद लागतो. आणि कागद कसा लिहिलाय यावर तुमच्या फेस्टिव्हलचं भवितव्य असतं, कारण कायद्याच्या कलम 19 मध्ये काही रिकाम्या जागा कायदाच भरतो, त्याही तुमच्या गैरसोयीच्या:

- मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते.
- प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो.
- मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो हक्क संपतो.

परवान्यांनाही हेच कलम लागू होतं. आता आमच्या फिल्मचं बघा. पहिला मसुदा दिग्दर्शकाने स्वतःच लिहिला होता: 'संगीतकार या लघुपटासाठी संगीत देईल व त्याबदल्यात रु. 60,000 घेईल.' दोघांच्या सह्या, तारीख, सगळं व्यवस्थित. पण मुदत नाही, प्रदेश नाही. म्हणजे हा कागद घेऊन फिल्म रॉटरडॅमच्या महोत्सवाला पाठवली असती तर कागदाप्रमाणे तिचं संगीत भारताबाहेर वाजवायचा हक्कच आमच्याकडे नव्हता. आणि संकलन लांबून फिल्म दीड वर्षाने पूर्ण झाली असती, तर एका वर्षाची अट आडवी आली असती.

नंतर आम्ही घातलेलं कलम असं होतं:

'संगीतकार या लघुपटासाठी तयार केलेल्या सर्व संगीतरचना व त्यांची ध्वनिमुद्रणं लघुपटात, त्याच्या ट्रेलरमध्ये व प्रसिद्धीच्या अंशांत, महोत्सव, सिनेमागृह, प्रसारण, इंटरनेट व अन्य सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी वापरण्याचे हक्क निर्मात्याला देत आहे. हे हक्क एका वर्षात वापरले नाहीत तरी संपुष्टात येणार नाहीत. संगीतकाराचा कायद्याने मिळणारा रॉयल्टीचा वाटा अबाधित राहील.'

शेवटचं वाक्य उदारपणाचं नाही. 2012 च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकार यांना सिनेमागृहातल्या फिल्मच्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा दिला आहे, आणि तो सोडून द्यायला लावणारं कलम मुळातच रद्दबातल आहे. 'संगीतकाराने सर्व रॉयल्टी कायमची सोडली आहे' असं लिहिलेले करार अजून फिरताना दिसतात. ते लिहून काही मिळत नाही, संगीतकाराच्या मनात अढी तेवढी बसते.

संगीतकाराकडून आणखी दोन गोष्टी लेखी घ्या. रचना त्याची स्वतःची आहे, कोणाकडून उचललेली नाही. आणि सारंगी, बासरी वगैरे वाजवायला आलेल्या प्रत्येकाची संमती त्याने घेतली आहे. तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचे आयते ध्वनितुकडे, वापरले असतील तर त्यांची यादी मागा. लूप कायदेशीर असले तरी तेच लूप इतरांच्याही गाण्यांत असतात, आणि मग यूट्यूब तुमच्या संगीतावर भलत्याचाच दावा लावतं.

पैसे आम्ही तीन हप्त्यांत दिले: 20,000 सहीच्या वेळी, 20,000 कच्च्या धुना मान्य झाल्यावर, 20,000 सगळ्या फाइल्स हातात आल्यावर. 'सगळ्या' म्हणजे 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटच्या वेव्ह फाइल्स, आणि प्रत्येक वाद्यगट वेगळा. वेगळे गट असले की उद्या ट्रेलरला फक्त सारंगी हवी असेल तर पुन्हा स्टुडिओत जावं लागत नाही.

## संगीतकार माझा मित्र आहे, फुकट करतोय. मग कागद कशाला?

मैत्रीत तर आधी. पैसे नसतील तर प्रतीकात्मक 1,000 रुपये द्या आणि कागदावर लिहा, म्हणजे मोबदला काय ठरला होता याची नोंद राहते. फिल्म गाजल्यावर बिनसलेल्या दोन मैत्र्या मी जवळून पाहिल्या आहेत. दोन्हींमध्ये कागद नव्हता.

## संकलनात तात्पुरतं म्हणून एक परदेशी ट्रॅक लावलाय. फेस्टिव्हलला तसाच पाठवू का? निवड झाली की बदलू.

पाठवू नका. फॉर्मवर तुम्ही हक्क आहेत असं लिहून देता, ते त्या दिवशी खोटं असतं. दुसरं कारण व्यवहारी आहे. टेम्प ट्रॅकच्या तालावर कट बसवलेले असतात, दिग्दर्शकाच्या कानात तोच घर करून बसतो, आणि संगीतकाराला सांगितलं जातं, 'असंच, पण वेगळं'. तो बिचारा तसंच करतो आणि नक्कल केल्याचा आरोप ओढवून घेतो.

टेम्प लावायचाच तर ज्याचा परवाना मिळू शकेल असाच ट्रॅक लावा. आमच्या संगीतकाराने आधीच स्वतःच्या जुन्या दोन धुना दिल्या होत्या, त्याच आम्ही टेम्प म्हणून लावल्या. भांडण त्याच्याशीच त्याचं राहिलं.

## मग रॉयल्टी-फ्री घ्यावं की संगीतकाराकडून करून घ्यावं?

मी एकच प्रश्न विचारते: प्रसंगाची लांबी संगीत ठरवणार की संगीताची लांबी प्रसंग? श्रेयनामावली, शहराचे दृश्यतुकडे, प्रसंगांमधली जोड, अशा ठिकाणी संगीत मागे राहतं, आणि तयार ट्रॅक कापून बसवला तरी चालतो. आमची श्रेयनामावली 50 सेकंदांची होती, तिथे तयार ट्रॅक घेतला आणि संगीतकाराचे पैसे वाचवले.

पण नायक पायपेटीवर हात ठेवतो आणि वाजवत नाही, असा 70 सेकंदांचा शॉट होता. तिथे संगीत त्याच्या श्वासाबरोबर थांबायला हवं होतं. तयार ट्रॅकवर दोन दिवस कापाकापी झाली आणि शेवटी संकलकाने हात टेकले. तिथे संगीतकारच लागतो. अठरा मिनिटांत आम्ही एकूण 6 मिनिटं संगीत करून घेतलं, बाकी शांतता किंवा जागेवरचे आवाज. सबंध फिल्मवर संगीत पसरायचा मोह टाळला तर संगीतकार वाटतो तितका महाग पडत नाही.

## तयार गाण्याचा परवाना परवडण्यासारखा कसा मागायचा?

सगळं एकदम मागू नका. 'फक्त फेस्टिव्हल, जगभर, 1 वर्ष' असा परवाना मागा, आणि त्याच कागदात पुढच्या पायऱ्यांचे भाव आत्ताच ठरवून घ्या: ओटीटीसाठी इतके, सिनेमागृहासाठी इतके. ते पैसे तो सौदा झाला तरच द्यायचे. भाव आधी ठरला नसेल तर फिल्म विकली गेल्यावर हक्कदाराच्या हातात दोरी जाते.

मागणीच्या ईमेलमध्ये फिल्मची लांबी, दोन ओळींत कथा, गाणं कुठल्या प्रसंगात आणि नेमकं किती सेकंद, कुठलं रेकॉर्डिंग, माध्यम, प्रदेश, मुदत आणि तुमचं बजेट लिहा. बजेट लपवू नका, छोट्या फिल्मला सवलत त्यामुळेच मिळते. सिंक एकाकडे आणि मास्टर दुसऱ्याकडे असेल तर दोघंही बहुधा अट घालतात की दुसऱ्याला जास्त मिळालं तर आम्हालाही तितकंच, म्हणून एकाशी ठरवलेला आकडा दुपटीने मोजा. उत्तर नाही आलं म्हणजे होकार नव्हे. चित्रीकरणाआधी दोन-तीन महिने लिहा.

## फेस्टिव्हलवाले खरंच तपासतात का?

निवडीच्या वेळी सहसा नाही. फॉर्मवर ते तुमच्याकडून लिहून घेतात की सर्व हक्क तुमच्याकडे आहेत आणि कोणी दावा केला तर जबाबदारी तुमची. त्या चौकोनात टिक करणं हीच तुमची सही. इफ्फीला पाठवा, पिफला पाठवा किंवा परदेशात, प्रवेशाच्या अटी सबंध वाचा. प्रसिद्धीसाठी फिल्मचा अंश दाखवायचा हक्क महोत्सव घेतो का, आणि महोत्सवाचं ऑनलाइन सत्र आहे का, हे विशेष बघा. 'फक्त सभागृहातलं प्रदर्शन' एवढाच परवाना असेल तर ऑनलाइन सत्र त्यात बसत नाही, आणि महोत्सवाने तुमच्या गाण्यासकट काढलेला एक मिनिटाचा तुकडाही बसत नाही.

खरी तपासणी नंतर होते, वितरक किंवा ओटीटीवाले फिल्म घेताना. ते प्रत्येक धुनेचा कागद मागतात. तेव्हा एक सही मिळाली नाही तर विक्री थांबते.

## आयपीआरएसचं लायसन्स काढलं तर भागेल का?

आयपीआरएस गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते, पीपीएल रेकॉर्डिंग्जच्या सार्वजनिक वादनाचे परवाने देते. हॉटेलात किंवा समारंभात गाणी वाजवायला ते लागतात. गाणं फिल्मला जोडायला नाही. संगीतकार मात्र आयपीआरएसचा सभासद असेल तर करारात तसं नमूद करा.

## निवड समितीला यूट्यूबची लिंक पाठवली आणि दावा लागला. आता?

अनलिस्टेड ठेवलं तरी यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा व्हिडिओ तपासते. रॉयल्टी-फ्री ट्रॅक असेल तर दाव्याला परवान्याची पीडीएफ जोडून हरकत घ्या. अनेक साइट्सवर चॅनेल आधीच नोंदवून दावे टाळता येतात. पण स्क्रीनर, म्हणजे समितीला बघायला द्यायची प्रत, पासवर्ड घातलेल्या व्हिमिओ लिंकवर किंवा महोत्सवाच्या सबमिशन साइटवरच चढवणं सोपं. ऐन परीक्षणाच्या आठवड्यात लिंक बंद झालेली मी पाहिली आहे, तीही फिल्ममधल्या बिनहक्काच्या नव्हे, रीतसर विकत घेतलेल्या धुनेमुळे.

## शेवटी हातात कोणते कागद असावेत?

एक फोल्डर आणि त्यात एक क्यू शीट. क्यू शीट म्हणजे फिल्ममधल्या प्रत्येक संगीताच्या तुकड्याची ओळीने नोंद: कुठल्या मिनिटाला सुरू, किती सेकंद, पडद्यावर वाजतं की पार्श्वभूमीला, शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग कोणाचं, आणि कागद कुठल्या फाइलमध्ये. आमच्या फिल्मच्या शीटमध्ये 11 ओळी होत्या. नाट्यपदाच्या ओळीपुढे खाडिलकर 1948, बखले 1922 आणि नव्या रेकॉर्डिंगच्या दोन संमतिपत्रांची नावं. टपरीच्या रेडिओपुढे संगीतकाराचा करार. मिरवणुकीपुढे पथकाची सही. श्रेयनामावलीपुढे साइटचं परवानापत्र आणि ट्रॅक उतरवल्याची तारीख. शीट एडिट लॉक, म्हणजे संकलन कायमचं पक्कं, झाल्यावर करा, आधी नाही, नाहीतर प्रत्येक कटला सेकंद बदलत बसावं लागतं. मी ती मिक्सिंगच्या दिवशी, स्टुडिओतच, ध्वनिसंयोजकाच्या शेजारी बसून भरते, कारण कुठला तुकडा खरोखर वाजतोय हे त्या दिवशी त्याच्याच पडद्यावर दिसतं.